दोन पेले कॉफी आणि एक चुकलेली बेरीज

माझी लेक लग्न होऊन कुंभकोणमजवळच्या चोळपुरम् गावी गेली, तेव्हा मला सगळ्यांनी एकच विचारलं, "अहो, भाषेचं कसं होणार?" भाषेची अडचण आली नाही. जावयाचं घर तंजावरी मराठी. भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेल्या माणसांची मराठी त्या घरात आजही बोलली जाते, थोडी जुनी, थोडी तमिळच्या चालीवर, पण कळते. अडचण आली ती कॉफीची. विहीणबाईंना कॉफी कडक लागते, मला फिकी. या कॉफीमुळेच मी हा लेख लिहायला बसले आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मागच्या सुट्टीत चोळपुरम्ला गेले, तेव्हा सहावीतली नात वही घेऊन शेजारी बसली. वहीत तिने लिहिलं होतं:

१/२ + १/३ = २/५

वर एक, खाली दोन. वर एक, खाली तीन. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. ही चूक तुम्हीही कधीतरी केली असेल. मी हजारो वह्यांमध्ये तिच्यावर लाल फुली मारली आहे. हात आपोआप पेनाकडे गेला.

पण त्याच वेळी मला एक जुना मुलगा आठवला. माझ्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. त्यानेही हेच लिहिलं होतं. फुली मारली तेव्हा तो म्हणाला, "बाई, उत्तर चुकलं असेल, पण हे दोघांच्या मध्ये येतं. मी खूप वेळा करून बघितलं, दरवेळी मध्येच येतं." मी म्हणाले, "मध्ये येऊन काय उपयोग? बेरीज मोठी यायला हवी." वर्ग हसला. तो बसला आणि पुन्हा वर्षभर त्याने हात वर केला नाही.

माझं म्हणणं बरोबर होतं. १/२ मध्ये काही मिळवलं तर उत्तर १/२ पेक्षा मोठंच यायला हवं, आणि २/५ तर अर्ध्यापेक्षा लहान. खरी बेरीज ५/६. पण त्या मुलाचं म्हणणंही बरोबर होतं, आणि ते मी ऐकलंच नाही.

तर नातीच्या वहीवर फुली न मारता मी तिला स्वयंपाकघरात नेलं.

त्या घरात पितळेचा फिल्टर आहे. वरच्या भांड्यात कॉफीची पूड, तिच्यावर उकळतं पाणी, आणि खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरणारं काळंभोर डिकॉक्शन. ते तापवलेल्या दाट दुधात मिसळायचं आणि डबरा-टंबलरमध्ये उंचावरून ओतून फेस आणायचा. कुंभकोणमची ही डिग्री कॉफी प्रसिद्ध आहे. डिग्री हे नाव दुधाचा दाटपणा मोजायच्या लॅक्टोमीटरवरून आलं असं म्हणतात.

मी एक छोटी वाटी माप म्हणून घेतली. विहीणबाईंच्या पेल्यात एक वाटी डिकॉक्शन आणि एक वाटी दूध. म्हणजे दोन वाट्या कॉफीत एक वाटी डिकॉक्शन: १/२. माझ्या पेल्यात एक वाटी डिकॉक्शन आणि दोन वाट्या दूध. तीन वाट्यांत एक: १/३. मग दोन्ही पेले एका पातेल्यात ओतले आणि नातीला विचारलं, "आता डिकॉक्शन किती?"

"दोन वाट्या."

"आणि सगळी कॉफी किती?"

"पाच वाट्या." मग ती थांबली आणि म्हणाली, "आजी, हे तर माझंच उत्तर!"

तिचंच होतं. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं ही अपूर्णांकांची बेरीज नाही, पण दोन मिश्रणं एकत्र ओतण्याचं ते अगदी अचूक गणित आहे. आणि चव? कडक कॉफीत फिकी ओतली तर ती कडकपेक्षा फिकी होणार आणि फिकीपेक्षा कडक. दोहोंच्या मध्येच येणार, दुसरीकडे जाणार कुठे? मागच्या बाकावरचा मुलगा हेच सांगत होता.

अशा तऱ्हेने मिळणाऱ्या अपूर्णांकाला मीडियंट म्हणतात. याला मराठीत मध्यक म्हणायचा मोह होतो, पण तो शब्द आपण शाळेत मीडियनसाठी वापरतो, म्हणून मी मीडियंटच म्हणते.

कॉफीवर ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी दोन ओळींची सिद्धता देते. क/ख हा लहान आणि ग/घ हा मोठा अपूर्णांक समजा, चारही संख्या धन. लहान-मोठं ठरवायला आपण तिरका गुणाकार करतो. तेव्हा क × घ हा ख × ग पेक्षा लहान आहे. आता क/ख ची तुलना (क + ग)/(ख + घ) शी करा. तिरका गुणाकार केला की एका बाजूला क×ख + क×घ येतं आणि दुसऱ्या बाजूला क×ख + ख×ग. क×ख दोन्हीकडे आहे, तो सोडा. उरलं क×घ आणि ख×ग, आणि त्यात लहान कोण हे आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणून क/ख लहान, मीडियंट मोठा. दुसऱ्या बाजूची तुलना अशीच आहे, तेवढी तुम्ही करा. कागदावर एक मिनिटसुद्धा लागणार नाही.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, मीडियंट मध्ये येतो, पण बरोबर मधोमध येतो असं नाही. १/२ आणि १/३ चा मधोमध आहे ५/१२. मीडियंट २/५ त्याच्या किंचित अलीकडे, १/३ च्या बाजूला आहे. कारण उघड आहे, माझा पेला तीन वाट्यांचा होता आणि विहीणबाईंचा दोनच वाट्यांचा. मोठ्या पेल्याची ओढ जास्त.

दुसरं याहून नाजूक आहे. १/२ आणि २/४ यांची किंमत एकच, हे आपण मुलांना घोटून घोटून शिकवतो. पण विहीणबाईंनी तीच कॉफी दुप्पट केली, दोन वाट्या डिकॉक्शन आणि चार वाट्यांची कॉफी, तर मिश्रण होईल ३/७. चव पुन्हा मध्येच, पण आता १/२ कडे सरकलेली. म्हणजे मीडियंट नुसत्या किमतीवर ठरत नाही, अपूर्णांक कसा लिहिला आहे यावरही ठरतो. म्हणूनच ही क्रिया बेरीज होऊ शकत नाही. बेरीज असती तर १/२ लिहा की २/४ लिहा, उत्तर एकच आलं असतं. नातीची बेरीज का चुकली, याचं मला सगळ्यांत पटणारं उत्तर हेच वाटतं, आणि इतकी वर्षं मी ते वर्गात एकदाही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने कुंभकोणमला गेलो. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं लहानपणचं घर आहे, आता जपून ठेवलेलं. १८८७ साली त्यांचा जन्म इरोडला झाला, पण ते वाढले या घरात आणि शिकले इथल्याच टाउन हायस्कूलमध्ये. घर लहान, साधं. बाहेरच्या ओट्यावर आम्ही बसलो, आणि मी नातीच्या हातात माझा फोन देऊन त्यातला कॅल्क्युलेटर उघडायला सांगितला. तुम्हीही उघडा. पुढचं गणित हाताने करून बघण्यातच मजा आहे.

पाय ही संख्या, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४१५९२६५ च्या आसपास आहे. ती ३/१ पेक्षा मोठी आणि २२/७ पेक्षा लहान. या दोघांचा मीडियंट काढा: २५/८, म्हणजे ३.१२५. हा पायपेक्षा लहान निघाला. म्हणून ३/१ ला सुट्टी द्या आणि त्याच्या जागी २५/८ ला बसवा. पुन्हा २२/७ शी मीडियंट: ४७/१५, म्हणजे ३.१३३. अजूनही लहान. मग ६९/२२. लहानच. दरवेळी वर २२ मिळवायचे आणि खाली ७. जणू फिक्या कॉफीत आपण तोच कडक पेला पुन्हा पुन्हा ओततो आहोत आणि चव हळूहळू चढते आहे.

नात कंटाळायला लागली. पंधराव्या वेळी आला ३३३/१०६, म्हणजे ३.१४१५०९. पायपेक्षा अजून लहान, पण अगदी जवळ. सोळाव्या वेळी वर २२, खाली ७, आणि आला ३५५/११३. तिने भागाकार केला: ३.१४१५९२९. पहिल्यांदाच पायच्या पुढे गेला, आणि तोही सातव्या दशांश स्थळावर! सोळा वेळा नुसती बेरीज करून हे मिळालं. कुठेही वर्गमूळ नाही, वर्तुळ नाही.

हा ३५५/११३ जुना ओळखीचा आहे. चीनमध्ये त्सू चोंग-ची यांना तो पाचव्या शतकात माहीत होता. आणि ज्यांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, त्या रामानुजनांनी १९१३ साली जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत एक छोटीशी टीप छापली. वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस पट्टी आणि कंपासने जवळजवळ कसा काढता येईल, याची ती टीप होती, आणि तिच्यातली रचना नेमकी ३५५/११३ वर बेतलेली आहे. किती अचूक, तेही त्यांनी सांगितलं आहे: वर्तुळाचं क्षेत्रफळ १,४०,००० चौरस मैल असेल तर चौरसाची बाजू खऱ्यापेक्षा साधारण एक इंच जास्त येईल. मी नंतर हिशेब करून पाहिला, अगदी इंचच येतो. पावणेचारशे मैलांच्या बाजूत एक इंच!

मला मात्र त्या ओट्यावर आपले भास्कराचार्य आठवत होते. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची नोंद आहे. लीलावतीत त्यांनी परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली आहेत: स्थूल कामासाठी २२/७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५०. हे दुसरं म्हणजे आर्यभटांचं ६२८३२/२००००, लहान करून लिहिलेलं. आता हे बघा. २२/७ आणि ३५५/११३ यांचा मीडियंट ३७७/१२०. ही किंमत ग्रीक ज्योतिषी टॉलेमीची. तिच्यात ३५५/११३ मिळवत राहा. एकूण अकरा वेळा ३५५ आणि एकदा २२ झाले की वर येतात ३९०५ + २२ = ३९२७, आणि खाली १२४३ + ७ = १२५०. लीलावतीतली किंमत! आर्यभटांनी ती अशा वाटेने काढली असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या किमती एकाच जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसतात, हे पाहून मी थोडा वेळ गप्प झाले. नातीने विचारलं, "आजी, पाय दुखतायत का?" दुखतही होते म्हणा.

हा जिना इतका चांगला का चालतो? ३/१ आणि २२/७ यांच्या मध्ये अपूर्णांक अनंत आहेत. मग मीडियंटच का? कारण इतका लहान छेद असलेला दुसरा अपूर्णांक तिथे नाहीच. तिरका गुणाकार करा: २२ × १ = २२ आणि ३ × ७ = २१. फरक फक्त १. असा १ चा फरक असेल तर त्या दोघांना शेजारी म्हणा. यांच्यातलं अंतर आहे १/७. आता मध्ये कुठला तरी अपूर्णांक बसला आणि त्याचा छेद छ आहे असं समजा. तो ३ पासून निदान १/छ दूर असणार, कारण फरकाच्या छेदात छ आहे आणि फरक शून्य नाही. त्याच कारणाने २२/७ पासून तो निदान १/(७ × छ) दूर असणार. दोन्ही अंतरांची बेरीज ८/(७ × छ), आणि ती पूर्ण अंतराएवढी, म्हणजे १/७ पेक्षा मोठी नाही. म्हणून छ निदान ८ असायलाच हवा. आणि मीडियंटचा छेद? १ + ७ = ८. म्हणजे शक्य तेवढा सगळ्यांत लहान. शिवाय मीडियंट त्या दोघांचाही शेजारी होतो (२५ × १ − ३ × ८ = १, आणि २२ × ८ − २५ × ७ = १), म्हणून पुढच्या पायरीलाही हाच नियम लागतो. शेजारीपण मोडतच नाही.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर रामानुजनांचं आणखी एक काम सांगते. एखादी संख्या लहान संख्यांच्या बेरजेने किती तऱ्हांनी लिहिता येते? ४ च्या पाच तऱ्हा आहेत: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पण २०० च्या? मॅकमहॉन यांनी ते कष्टाने मोजून काढलं होतं: ३९,७२,९९,९०,२९,३८८. रामानुजन आणि हार्डी यांनी १९१८ साली छापलेल्या सूत्रात आठ पदं घेतली की ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४ येतं. तेरा आकडी संख्या, आणि चूक हजारात चार भाग.

त्या सूत्राची सिद्धता मी समजावू शकत नाही, पण तिच्यातली एक गोष्ट नातीलाही कळली. त्यांना एका वर्तुळाभोवती फिरून हिशेब करायचा होता. वर्तुळावर प्रत्येक साध्या अपूर्णांकाची एक जागा, आणि प्रत्येक जागेपाशी हिशेबाचं वागणं वेगळं. म्हणून वर्तुळाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक अपूर्णांकाला स्वतःचं वावर द्यायचं. दोन शेजाऱ्यांच्या मधला बांध कुठे घालायचा? मीडियंटवर. छेद ५ पर्यंतचे अपूर्णांक घेतले तर १/२ च्या एका बाजूला शेजारी २/५ आणि दुसऱ्या बाजूला ३/५. बांध पडतात ३/७ आणि ४/७ वर, आणि १/२ ला १/७ रुंदीचं वावर मिळतं. १/५ चे शेजारी ०/१ आणि १/४. त्याचे बांध १/६ आणि २/९ वर, वावर फक्त १/१८. साध्या अपूर्णांकाला मोठं रान, किचकट अपूर्णांकाला चिंचोळी पट्टी. आणि त्या सूत्रात मोठा वाटाही साध्या छेदांचाच असतो.

परत येताना बसमध्ये नात झोपली. मी त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा विचार करत होते. तो आता चाळिशीत असेल. त्याचं नाव मला आठवतं, पत्ता ठाऊक नाही. त्याने स्वतःच्या मनाने कित्येक उदाहरणं करून पाहिली होती, आणि मी त्याला फक्त "का येतं ते सांग बरं" एवढंच विचारायला हवं होतं.

संध्याकाळी नातीने वहीतलं उत्तर खोडून ५/६ लिहिलं. मग समासात बारीक अक्षरात लिहिलं: २/५, आजीची कॉफी. तेवढ्यात विहीणबाई पातेलं घेऊन आल्या. त्यात तळाशी दोन पेल्यांपुरती कॉफी उरली होती. त्यांनी चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि फिल्टरमधलं उरलेलं डिकॉक्शन सरळ त्यात ओतून टाकलं. नात वही घेऊन धावली, "पाटी, थांबा, किती वाट्या होतं ते सांगा आधी!"